रवा डोसा: पहिले दोन जाळीदार, तिसऱ्यापासून जाड का?

रवा डोशाची तक्रार बहुतेक घरांत एकाच प्रकारची असते. पहिला डोसा तव्यावर पडताच भोके पडतात, कडा उचलल्या जातात, रंग सोनेरी येतो आणि करणाऱ्याला हायसे वाटते. दुसराही जवळजवळ तसाच होतो. तिसऱ्या डोशापासून मात्र जाळी कमी होत जाते, डोसा धिरड्यासारखा जाड व मऊ होतो, मधोमध पांढरा राहतो आणि पाचव्या-सहाव्यापर्यंत तो तव्याला चिकटून तुकड्यांत निघू लागतो. पीठ तेच, तवा तोच आणि हातही तोच असताना असे का व्हावे, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. मी स्वतः तो बरीच वर्षे सोडवू शकले नव्हते, म्हणून येथे तो सविस्तर लिहिते.

पीठ आणि तवा ‘तेच’ राहिलेले नसतात, हे याचे खरे उत्तर आहे. उडीद-तांदळाचे आंबवलेले पीठ पहिल्या डोशापासून शेवटच्या डोशापर्यंत साधारण एकसारखे राहते. रवा डोशाचे पीठ मात्र ओट्यावर ठेवल्या ठेवल्या बदलत असते आणि प्रत्येक डोसा तव्यातली उष्णता खेचून नेत असल्यामुळे तवाही बदलतो. हे दोन्ही बदल ओळखून प्रत्येक डोशाआधी थोडी दुरुस्ती केली, तर आठवा डोसाही पहिल्यासारखाच होतो.

नणंदेच्या ओट्यावर काय दिसले

गेल्या पावसाळ्यात माझ्या नणंदेने फोनवर सांगितले, “वहिनी, तुम्ही दिलेल्या प्रमाणानेच पीठ भिजवते, तरी तिसरा डोसा घावनही होत नाही आणि डोसाही होत नाही.” फोनवर कारण सापडेना, म्हणून एका रविवारी मी तिच्याकडे गेले आणि तिला काहीही न सांगता नेहमीसारखे डोसे करायला सांगितले. तिने एक वाटी बारीक रवा, एक वाटी तांदळाचे पीठ व अर्धी वाटी मैदा घेतला होता. त्यात पाव वाटी ताक, चार वाट्या पाणी, मीठ, जिरे, भरड मिरी, किसलेले आले आणि कढीपत्ता घालून पीठ अर्धा तास भिजवून ठेवले होते. तवा नॉनस्टिकचा होता. तिने पळी पातेल्यात वरच्या वर बुडवली, पीठ तव्यावर ओतले आणि डोसा उत्तम झाला. तो काढल्यावर तिने सवयीने तव्यावर पाण्याचा हबका मारला, फडक्याने तवा पुसला आणि लगेच दुसरा डोसा घातला. तो बरा झाला. तिसऱ्या वेळी पुन्हा पाण्याचा हबका, पुन्हा पुसणे आणि पुन्हा वरच्या वर बुडवलेली पळी. या वेळी पीठ तव्यावर पडताना आवाजच आला नाही. ते संथपणे पसरले, त्यात मोजकी चार-सहा भोके पडली आणि डोसा झाला धिरड्यासारखा.

येथे दोन चुका एकत्र घडत होत्या आणि दोन्ही साध्या डोशाच्या सवयीतून आल्या होत्या. आंबवलेल्या पिठाचा डोसा पळीने गोल फिरवून पसरवायचा असतो. तवा फार तापला असेल, तर पीठ पळीला गोळा होऊन येते, म्हणून पाणी शिंपडून तवा थोडा निववावा लागतो. रवा डोसा मुळीच पसरवायचा नसतो. तो ओतायचा असतो, आणि पीठ तव्याला लागताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती वर फुटली, तरच जाळी पडते. साध्या डोशाला जो निवलेला तवा सोयीचा, तोच रवा डोशाची जाळी मोडतो. पीठ न ढवळण्याची सवयही तिथलीच. आंबवलेले पीठ ढवळले तर त्यातली हवा निघून जाते, म्हणून ते हलक्या हाताने घेतात. रवा डोशाच्या पिठात राखून ठेवण्यासारखी हवा नसतेच. उलट न ढवळल्याने सगळा घोटाळा होतो.

पीठ कसे बदलते

हा बदल डोळ्यांनी पाहायचा असेल, तर तयार पिठातले थोडेसे काचेच्या पेल्यात काढून पाच मिनिटे न हलवता ठेवावे. तळाशी रव्याचा दाट पांढरा थर बसलेला दिसतो, त्यावर तांदळाच्या पिठाचा गढूळ भाग असतो आणि अगदी वर जवळजवळ नितळ पाणी येते. पातेल्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडत असते. वरच्या वर पळी बुडवून पहिले दोन डोसे घातले, की आपण पाण्याचा वाटा जास्त असलेले पीठ वापरून टाकतो आणि पुढच्या डोशांसाठी तळातला दाट रवा उरतो. पहिला डोसा चांगला झाल्याने पीठ बरोबर आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पहिला डोसा आपल्या पिठाचा खरा नमुनाच नसतो.

दुसरा बदल त्याहून संथ आहे. रव्याचा दाणा पाणी पीत राहतो. अर्ध्या तासात तो बराचसा फुगतो, पण तेथेच थांबत नाही. शिवाय एक डोसा पूर्ण व्हायला चार-पाच मिनिटे लागतात, म्हणजे आठ डोसे होईपर्यंत पीठ आणखी अर्धा-पाऊण तास भिजत पडलेले असते. त्यामुळे नीट ढवळले तरी शेवटचे पीठ पहिल्यापेक्षा दाट होतेच, आणि ते पाणी आपल्याला वरून घालावे लागते.

नणंदेच्या पातेल्यात पळी तळापर्यंत नेऊन मी पीठ ढवळले, तेव्हा ते कढीइतके दाट झाले होते. त्यात एक वाटी पाणी घातले आणि पळी बुडवून उचलली. दाटपणा तपासण्याची माझी खूण अशी आहे: पळी उचलल्यावर तिच्या पाठीवरून पीठ लगेच ओघळून गेले पाहिजे आणि खालचे स्टील दिसले पाहिजे. पळीच्या पाठीवर पांढरा थर टिकून राहिला आणि त्यावर बोटाने रेघ ओढता आली, तर ते पीठ घावनाला किंवा धिरड्याला ठीक आहे, रवा डोशाला दाट आहे. आपल्याकडे ‘सरसरीत’ म्हणतात त्याहूनही हे पीठ पातळ हवे, पातळ ताकासारखे. पहिल्यांदा करणाऱ्याला इतके पातळ पीठ पाहून भीती वाटते आणि हात आवरतो. पण जेथे हात आवरतो, तेथूनच पुढे आणखी अर्धी वाटी पाणी लागते, असा माझा अनुभव आहे.

मी स्वतः धरते ते प्रमाण असे: एक वाटी बारीक रवा, एक वाटी तांदळाचे पीठ, अर्धी वाटी मैदा, पाव वाटी ताक आणि सुरुवातीला साडेचार वाट्या पाणी. अर्ध्या तासाने पीठ तळापासून ढवळून पाहते आणि पळीची खूण जमेपर्यंत आणखी अर्धी ते एक वाटी पाणी घालते. पुढे प्रत्येक डोशाआधी पळी तळाला खरवडत नेऊन चार-पाच वेळा ढवळते आणि दर दोन डोशांनंतर दोन मोठे चमचे पाणी घालते. या प्रमाणात मध्यम तव्याचे आठ-नऊ डोसे होतात. वाटी कोणतीही चालेल, फक्त सगळे त्याच वाटीने मोजावे.

तीन पिठांची कामे वेगवेगळी आहेत, आणि ती माहीत असली की बिघाड लवकर ओळखता येतो. कुरकुरीतपणा मुख्यतः तांदळाच्या पिठाचा. रव्याने डोशाला दाणा आणि अंग येते. मैद्यातला चिकटपणा जाळीचे धागे एकमेकांना धरून ठेवतो, त्यामुळे डोसा उचलताना मोडत नाही. मैदा अर्ध्या वाटीच्या पुढे गेला, की डोसा गार होताच चिवट होतो आणि चावताना ओढला जातो. मैदा अजिबात घातला नाही, तर जाळी सुंदर दिसते, पण घडी घालताना कडकन तुटते. मैद्याऐवजी कणीक घातली तरी निभावते, मात्र रंग काळपट येतो आणि कुरकुरीतपणा थोडा उणावतो. ताक आंबटपणापुरतेच असावे. पाण्याच्या जागी सगळे ताकच वापरले, तर डोसा मऊ पडतो आणि आतून शिजण्याआधीच बाहेरून डाग धरतो.

रव्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या घरांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. पावसाळ्यात कीड लागू नये म्हणून अनेक घरी रवा भाजून डब्यात भरतात. तो उपम्याला आणि शिऱ्याला उत्तम, पण डोशाच्या पिठात भाजलेला रवा पाणी सावकाश पितो आणि तळाशी लवकर बसतो. तोच वापरायचा असेल, तर पाऊण तास भिजवावा आणि ढवळण्यात मुळीच आळस करू नये. जाड रवा मात्र या डोशाला घेऊ नये. त्याचे दाणे तव्यावर वेगळे दिसतात आणि डोसा खरखरीत लागतो. इडली रव्याचे तर येथे कामच नाही. तो तांदळाचा असतो आणि गव्हाच्या रव्यासारखा मिळून येत नाही.

तवा कसा बदलतो

जाळी कशी पडते, हे तव्याजवळ उभे राहून एकदा नीट पाहावे. तापलेल्या तव्यावर पातळ पिठाचा थेंब पडताच ‘चर्र’ असा आवाज होतो. थेंबाच्या खालच्या भागातले पाणी त्याच क्षणी उकळते आणि वाफ वर यायला वाट शोधते. पीठ पातळ असल्याने ती सहज वर फुटते, आणि तेवढ्या अवधीत भोवतीचे पीठ शिजून घट्ट झालेले असल्यामुळे फुटलेले भोक पुन्हा बुजत नाही. तवा कमी तापलेला असेल, तर वाफ सावकाश सुटते आणि एखादे भोक पडले तरी पीठ अजून ओले असल्याने ते वाहून भोक भरून टाकते. पीठ दाट असेल, तर तवा कितीही तापलेला असो, वाफेला वर येताच येत नाही आणि डोसा खालून फुगल्यासारखा होतो. म्हणून जाळी न पडण्याचे कारण शोधताना आधी कान द्यावा. आवाज झाला आणि तरी जाळी नाही, तर दोष पिठाच्या दाटपणाचा. आवाजच झाला नाही, तर दोष तव्याचा. नणंदेच्या तिसऱ्या डोशाला दोन्ही होते.

कोकणातले तांदळाचे घावन ज्यांनी बिडाच्या तव्यावर करताना पाहिले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. तेथेही पीठ पातळ ठेवतात, तवा चांगला तापवतात आणि पीठ ओतताच जाळी पडते की नाही यावरून करणारीचा हात ओळखतात. फरक इतकाच, की घावनावर झाकण ठेवून ते मऊ लुसलुशीत काढायचे असते, तर रवा डोसा उघडाच ठेवून त्यातले पाणी उडवायचे असते.

तव्याची उष्णता पाहण्यासाठी पाण्याचे चार थेंब पुरतात, मात्र ते कसे वागतात हे पाहायला हवे. थेंब तव्यावर पसरून बसले आणि सावकाश आटले, तर तवा अजून थंड आहे. थेंब चर्र आवाज करून फुटले आणि एक-दोन सेकंदांत नाहीसे झाले, तर तवा डोशाला तयार होत आला आहे, आणखी अर्धे मिनिट तापू द्यावे. थेंब मोत्यांसारखे गोल होऊन तव्यावर इकडून तिकडे धावू लागले, तर तवा फार तापला आहे. तसे होण्याचे कारण थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब तव्याला न टेकता त्यावर तरंगतो. लोखंडी किंवा बिडाच्या तव्यावर ही अवस्था आली, तर गॅस कमी करून पंधरा-वीस सेकंद थांबावे आणि मग पीठ ओतावे. नॉनस्टिक तव्यावर ही अवस्था येऊच देऊ नये. त्यावरचे आवरण सुमारे 260 अंश सेल्सियसच्या पुढे खराब होऊ लागते, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तेथवर पोहोचायला वेळ लागत नाही.

एका डोशानंतर तवा किती थंड होतो, याचा अंदाज आपण फार कमी धरतो. पाण्याला गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. रवा डोशाचे पीठ बहुतांशी पाणीच आहे आणि डोसा कुरकुरीत होण्यासाठी त्यातले बरेचसे पाणी वाफ होऊन गेलेच पाहिजे. ही सगळी उष्णता तव्यातून आणि त्याखालच्या आचेतून येते. घरच्या गॅसवर एका डोशाला चार-पाच मिनिटे लागतात ती यामुळेच. उपाहारगृहातला जाड लोखंडी तवा पुष्कळ उष्णता धरून ठेवतो, म्हणून तेथे एकामागून एक डोसे पडत राहतात. आपला पातळ नॉनस्टिक तवा डोसा काढताक्षणी बराच निवलेला असतो. त्यावर वरून पाण्याचा हबका मारला, की जी काही उष्णता उरली ती त्या पाण्याची वाफ करण्यात संपते.

म्हणून प्रत्येक डोशासाठी आच दोनदा बदलावी लागते. डोसा काढल्यावर आच मोठी करून तवा कोरड्या फडक्याने पुसावा आणि साधारण एक मिनिट तापू द्यावा, नॉनस्टिक असेल तर त्याहून थोडा कमी. थेंबांची खूण पाहून पीठ मोठ्या आचेवरच ओतावे आणि अर्धे मिनिट तसेच राहू द्यावे, म्हणजे जाळी घट्ट होते. त्यानंतर आच मध्यम किंवा मध्यमहून थोडी कमी करावी आणि डोशाला हात न लावता पाणी उडू द्यावे. आच मोठीच ठेवली, तर जाळीचे बारीक धागे करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. आधीपासूनच मध्यम ठेवली, तर जाळी पडत नाही.

ओतण्याची रीत

पीठ ओतताना पळी किंवा वाटी तव्यापासून वीतभर उंच धरावी. तव्याच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून गोलाकार आत यावे आणि शेवटी मध्यावर थोडेच पीठ पडू द्यावे. मध्यापासून सुरुवात केली, तर मधोमध पीठ साचते आणि तोच पांढरा, मऊ ठिपका राहतो. मोठी भोके उरली तर त्यांत अगदी थोडे पीठ टाकावे. लहान भोके मात्र भरू नयेत, आपल्याला हवी आहेत ती तीच. पीठ पडल्यावर पळीने ते पसरवण्याचा मोह आवरावा. पळी एकदा फिरली, की उघडू लागलेली सगळी भोके बुजतात.

कांदा घालायचा असेल, तर तो पिठात न घालता आधी तव्यावर बारीक चिरून पेरावा आणि त्यावरून पीठ ओतावे. पिठातले कांद्याचे तुकडे पळीत एकत्र येतात आणि ओतताना एकाच जागी गोळा होतात. शिवाय कांदा पिठात पाणी सोडत राहतो आणि दाटपणाचा अंदाज चुकतो.

तेलाविषयी दोन्ही प्रकारच्या तव्यांची रीत वेगळी आहे. बिडाच्या किंवा लोखंडी तव्यावर पीठ ओतण्याआधी अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर घासावा. तेलाचा अगदी पातळ हात लागतो आणि आधीच्या डोशाचे चिकटलेले कणही निघतात. नॉनस्टिक तव्यावर आधी तेल लावू नये, कारण पातळ पीठ त्यावर धरत नाही आणि थेंबाथेंबांनी एकीकडे सरकते. तेल किंवा तूप पीठ ओतल्यावर कडेने आणि भोकांतून सोडावे. भोकांतून गेलेले चमचाभर तेल डोशाच्या खाली पोहोचते आणि तेथेच त्याचा खरा उपयोग होतो.

नणंदेकडे आम्ही पीठ ढवळले, पाणी वाढवले, पाण्याचा हबका बंद केला आणि तवा पाऊण मिनिट तापू दिला. चौथा डोसा ओतताच पुन्हा तो आवाज आला आणि भोके पडली. पण घाईत तिने दीड मिनिटातच उलथने खाली घातले आणि डोसा फाटला. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: रवा डोसा सुटण्याची वेळ तो स्वतः सांगतो. सुरुवातीला पृष्ठभाग ओला चमकतो. मग तो निस्तेज, कोरडा दिसू लागतो. त्यानंतर कडा तांबूस होऊन आपोआप तव्यापासून वर उचलल्या जातात. कडा उचलल्या गेल्याशिवाय उलथने लावू नये. कडा उचलल्या तरी मध्य धरून असेल, तर आच थोडी कमी करून अजून एक मिनिट द्यावे. पाचवा डोसा आम्ही घड्याळ लावून केला. त्याला साडेचार मिनिटे लागली आणि तो एका हालचालीत पूर्ण निघाला. हा डोसा उलटायचा नसतो. जाळीतून वरची बाजूही वाफेने शिजून कोरडी होते.

डोशाची खालची बाजू वाचावी

काढलेला डोसा एकदा पालथा करून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण बिघाडाचे कारण तेथे स्पष्ट दिसते. सर्वत्र एकसारखा सोनेरी रंग आणि बारीक भोके असतील, तर काही बदलू नये. तांबूस भागात मधेच पांढरे, मऊ ठिपके असतील, तर तेथे पीठ जाड पडले, म्हणजे पीठ दाट आहे किंवा पळी एका जागी थांबली. गोल कड्यासारखा गडद पट्टा आणि त्याच्या आत-बाहेर फिका रंग असेल, तर तो बर्नरच्या ज्वाळांचा ठसा आहे. तवा पुरेसा जाड नाही किंवा तो सगळीकडे तापायला वेळ मिळाला नाही. अशा वेळी डोसा कोरडा होत असताना तवा दर मिनिटाला थोडा सरकवून प्रत्येक बाजू ज्वाळेवर आणावी. इंडक्शन शेगडीवर हे अधिक जाणवते, कारण तेथे खालच्या वेटोळ्याएवढाच भाग तापतो. तेथे डोसा त्या मापाचाच करावा, तव्याच्या मापाचा करू नये.

क्वचित उलटेही होते. जाळी इतकी सैल पडते, की डोसा उचलताना दोऱ्यांसारखा तुटतो. हे पीठ खरोखरच जास्त पातळ झाल्याचे लक्षण आहे. अशा वेळी एक चमचा तांदळाचे पीठ आणि एक चमचा मैदा वेगळ्या वाटीत थोड्या पाण्यात गुठळ्या न होता कालवून मग पातेल्यात मिसळावा. कोरडे पीठ थेट पातेल्यात घातले, तर गुठळ्या राहतात आणि त्या तव्यावर कच्च्या लागतात.

डोसा तव्यावर कुरकुरीत असून ताटात येईपर्यंत मऊ पडतो, अशीही तक्रार असते. त्याचा पिठाशी संबंध नाही. गरम डोसे एकावर एक ठेवले किंवा डब्यात झाकले, की त्यांची वाफ त्यांच्यातच मुरते. रवा डोसा तव्यावरून थेट ताटात वाढावा आणि चटणी बाजूला वाढावी. दोन मिनिटे थांबवायचाच असेल, तर जाळीच्या ताटलीवर उघडा ठेवावा. डब्यासाठी हा पदार्थ योग्य नाही, कितीही काळजी घेतली तरी दुपारपर्यंत तो चामट होतो. मुलांच्या डब्याला उत्तप्पा द्यावा.

त्याच पातेल्यातून उत्तप्पा

उत्तप्प्याचे गणित डोशाच्या अगदी उलट आहे, आणि दोन्ही एकाच पिठाचे करण्याचा प्रयत्न केला की दोन्ही बिघडतात. उत्तप्प्याला पीठ पळीवाढे हवे, म्हणजे पळीतून पडताना सलग पडावे आणि तव्यावर स्वतःहून फारसे वाहू नये. एक वाटी रव्याला अर्धी वाटी दही आणि सुमारे पाऊण वाटी पाणी घेऊन वीस मिनिटे भिजवावे, तव्यावर घालण्याच्या अगदी आधी पाव चमचा सोडा घालावा आणि मग थांबू नये, कारण दह्यातल्या आंबटपणामुळे सुटणारे बुडबुडे काही मिनिटांतच विरतात. येथे तवा मध्यम तापलेला असावा. डोशासारखा तापवला, तर तळ करपतो आणि आतला रवा कचकच लागतो. पीठ घातल्यावर कांदा, टोमॅटो वर हलकेच दाबून, झाकण ठेवून तीन मिनिटे आणि उलटून दोन मिनिटे पुरेत.

डोसे संपत आल्यावर पातेल्याच्या तळाशी जे दाट, रवाळ पीठ उरते, त्याला पाणी घालून आणखी एक डोसा काढण्यापेक्षा त्यात दोन-तीन चमचे रवा आणि चमचाभर दही मिसळून दहा मिनिटे बाजूला ठेवावे. तोवर तवा मध्यम आचेवर आलेला असतो. माझ्या घरी शेवटचा पदार्थ हाच असतो. नणंदेकडेही त्या दिवशी आठ डोशांनंतर उरलेल्या पिठाचे दोन छोटे उत्तप्पे झाले आणि ते तिच्या मुलाने दुसऱ्या दिवशी डब्यात नेले.